लिफ्ट भांडवली, गच्ची महसुली

दादरच्या एका जुन्या वाचनालयाचा मी मानद कोषाध्यक्ष आहे. तळमजला अधिक दोन मजल्यांची स्वतःची इमारत, वर अभ्यासिका, खाली देवघेव विभाग, आणि वर्षाचा चालू खर्च साधारण अडतीस लाख. नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असल्यामुळे आमचा अर्थसंकल्प वर्ष सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी धर्मादाय आयुक्तांकडे जायला हवा. म्हणजे जानेवारीत बसायचं आणि फेब्रुवारीत संपवायचं. एरवी हे काम गेल्या वर्षीचे आकडे थोडे वाढवून उरकतं. पण ज्या वर्षी इमारतीची दुरुस्ती आणि नवी लिफ्ट ही दोन्ही कामं एकत्र काढायची ठरली, त्या वर्षी प्रत्येक ओळीपुढे ‘भांडवली की महसुली?’ हा प्रश्न उभा राहिला. म्हणजे या खर्चातून संस्थेची मालमत्ता वाढते, की तो त्या वर्षीचा चालू खर्च म्हणून संपतो?

इमारत तीस वर्षांहून जुनी, त्यामुळे मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. ती झाली. इंजिनिअर मॅडमनी अहवालात लिहिलं की गच्चीचा कोबा निकामी झालाय, बाहेरचा गिलावा जागोजागी पोकळ वाजतोय, सांगाडा मात्र ठीक आहे. ज्येष्ठ वाचकांना दोन मजले चढवत नाहीत म्हणून लिफ्टची मागणी तर कितीतरी दिवसांची. परांची एकदाच बांधायची तर दोन्ही कामं बरोबरच करू, असं कार्यकारी मंडळाने ठरवलं. तिथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं.

कंत्राटदाराचं अंदाजपत्रक आलं, लिफ्ट कंपनीचं आलं, इंजिनिअर मॅडमच्या फीचं पत्र आलं. सगळं मिळून त्रेचाळीस लाख अठ्ठ्याण्णव हजार. आमचे अध्यक्ष म्हणाले, “एकच शीर्ष करा हो. ‘इमारत नूतनीकरण’. भांडवली खर्च. इमारत निधीतून जाईल, विषय संपला.”

त्यांच्या म्हणण्यामागची भीती मला कळत होती. यातला अर्धा खर्च जरी महसुली बाजूला पडला, तरी त्या वर्षीचं उत्पन्न-खर्च पत्रक वीस लाखांच्या आसपास तुटीत दिसणार. वार्षिक सभेत सभासद विचारणार, संस्था बुडाली का? उलट सगळं भांडवली धरलं तर रक्कम ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जाऊन बसते, आणि घसाऱ्याच्या रूपाने थोडी थोडी वर्षांवर पसरते. कागदावर शांतता. पण मग ताळेबंद असं सांगतो की इमारतीची किंमत चव्वेचाळीस लाखांनी वाढली, आणि गच्चीची गळती थांबवल्याने इमारतीत काही वाढलेलं नसतं.

आमच्या ऑडिटर बाईंना मी आधीच फोन केला होता. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या १९५६ सालच्या न्यू शोरॉक स्पिनिंग मिलच्या निकालातली कसोटी सांगितली. निकाल मुख्य न्यायमूर्ती छागलांचा. खटला आयकराचा, ‘चालू दुरुस्ती’ कशाला म्हणायचं याचा. आमचा न्यास काही गिरणी नाही, आणि आयकरातली कसोटी हिशेबाच्या पुस्तकांना जशीच्या तशी बांधील नसते, हे बाईंनी बजावलं. पण विचार करायला ती फार सोयीची आहे. खर्च आधीपासून असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी, सांभाळण्यासाठी केलाय का? की त्यातून नवी मालमत्ता उभी राहते, किंवा पूर्वी नव्हता असा नवा फायदा मिळतो? पहिलं असेल तर दुरुस्ती, दुसरं असेल तर भांडवल. रक्कम किती मोठी, बिल कोणाचं, पैसा कुठल्या निधीतला, यांपैकी एकही गोष्ट या प्रश्नात नाही.

मंडळाच्या बैठकीत गच्चीवरच अडलं. एक सदस्य निवृत्त अभियंता आहेत. ते म्हणाले, “जुना ब्रिकबॅट कोबा काढून नव्या पद्धतीचं वॉटरप्रूफिंग करतोय. दहा वर्षांची गॅरंटी आहे. दहा वर्षं टिकणारी गोष्ट महसुली कशी?”

हा युक्तिवाद मी इतर संस्थांतही ऐकलाय आणि वरवर तो बिनतोड वाटतो. पण टिकाऊपणा ही एकटी कसोटी धरली तर चांगल्या कामाची प्रत्येक दुरुस्ती भांडवली होईल आणि फक्त भिकार काम महसुली राहील. विचारायचं ते असं की काम झाल्यावर संस्थेकडे असं काय आलं जे आधी नव्हतं? गच्ची होती, ती पाऊस अडवण्यासाठीच होती, मधल्या काळात ती अडवेनाशी झाली, आता पुन्हा अडवेल. क्षेत्रफळ तेवढंच, उपयोग तोच. साहित्य सुधारलं, कारण आज बाजारात तेच मिळतं. तेव्हा महसुली. त्याच गच्चीवर रीतसर परवानगी घेऊन पक्कं छप्पर टाकून तिथे अभ्यासिकेचं दालन काढलं असतं, तर तो खर्च निःसंशय भांडवली झाला असता. पावसाळ्यापुरता उभारून सप्टेंबरनंतर काढायचा शेड मात्र पुन्हा महसुली, मग त्याला पत्रे कितीही महागाचे लावा.

लिफ्टबद्दल वाद नव्हता. लिफ्ट नव्हतीच, ती येतेय. अडचण होती ती लिफ्टच्या आजूबाजूला चिकटलेल्या खर्चांची.

कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात गच्चीचे साडेसहा लाख, बाहेरचा गिलावा आणि रंगाचे साडेआठ लाख, लिफ्टच्या शाफ्टचे पाच लाख, आणि शेवटी परांची व जाळीचे दोन लाख चाळीस हजार आणि डेब्रिज उचलण्याचे साठ हजार अशा ओळी होत्या. मिळून तेवीस लाख, आणि अगदी तळाला एकाच ओळीत अठरा टक्के जीएसटी चार लाख चौदा हजार. शेवटच्या तीन ओळी कोणाच्याच नाहीत आणि सगळ्यांच्या आहेत. त्या जशाच्या तशा ‘इतर खर्च’ म्हणून महसुली बाजूला टाकल्या की शाफ्टची किंमत कमी दिसते. सगळ्या शाफ्टवर टाकल्या तर दुरुस्तीचा खर्च लपतो.

मी इंजिनिअर मॅडमना घेऊन बसलो. परांची गिलाव्यासाठीही लागणार होती आणि मागच्या भिंतीवरच्या शाफ्टसाठीही. नेमकं मोजमाप वेगळं काढणं शक्य नव्हतं, म्हणून मूळ कामांच्या किमतीच्या प्रमाणात वाटायचं ठरलं. वीस लाखांत शाफ्ट पाच लाखांचा, म्हणजे पाव हिस्सा, म्हणून परांचीचे साठ हजार शाफ्टकडे. डेब्रिजला मात्र तेच प्रमाण लावणं चुकीचं झालं असतं. बहुतेक राडारोडा जुन्या कोब्याचा आणि पोकळ गिलाव्याचा; शाफ्टसाठी फक्त तीन मजल्यांवर दारांपुरती भिंत फोडायची. मॅडमच्या अंदाजाने सहा ट्रकपैकी एक. म्हणून साठातले दहा हजार शाफ्टकडे. वाटणीची पद्धत प्रत्येक ओळीसाठी एकच असली पाहिजे असं नाही, पण प्रत्येक ओळीपुढे कारण लिहिलेलं असलं पाहिजे. ते टिपण आम्ही अर्थसंकल्पाच्या फाइलला जोडलं.

जीएसटी ज्या त्या कामामागे गेला. आमच्या न्यासाला त्याची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो वेगळा कर म्हणून उरत नाही, वस्तूच्या किमतीतच मुरतो. हिशेब असा लागला की कंत्राटदाराच्या सत्तावीस लाख चौदा हजारांपैकी सहा लाख बहात्तर हजार सहाशे भांडवली, आणि उरलेले वीस लाख एकेचाळीस हजार चारशे महसुली.

एक गंमत सांगतो. शाफ्टच्या नव्या भिंतींना पहिल्यांदा लागणारा रंग शाफ्टच्या किमतीत, म्हणजे भांडवली. त्याला लागून असलेल्या जुन्या भिंतीचा रंग महसुली. रंगारी तोच, डबा तोच. कंत्राटदाराला हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी त्याच्या बिलात काहीतरी काटछाट करायला आलोय.

इंजिनिअर मॅडमची फी दीड लाख, एका आकड्यात. त्यांची जीएसटी नोंदणी नव्हती, एवढं एक सोपं. त्यांना फोड करून मागितली. संरचनात्मक तपासणीचे साठ हजार, दुरुस्तीच्या देखरेखीचे चाळीस, शाफ्टच्या आणि त्याच्या पायाच्या आराखड्याचे पन्नास. पहिल्या दोन्ही महसुली. शेवटचे पन्नास हजार शाफ्टशिवाय लागलेच नसते, म्हणून ते मालमत्तेच्या किमतीत.

लिफ्ट कंपनीचं मूळ पत्र पंधरा लाख अधिक कर असं होतं. बारीक अक्षरात पुढे लिहिलेलं, ‘पहिल्या वर्षानंतर चार वर्षांची देखभाल समाविष्ट’. विक्रेते हे सवलत म्हणून दाखवतात. पण देखभालीचा पैसा यंत्राच्या किमतीत मिसळला की तो भांडवली होऊन बसतो, आणि पहिली पाच वर्षं देखभालीचं शीर्ष कोरं राहतं. सहाव्या वर्षी ते एकदम उगवतं आणि सगळे विचारतात, हा खर्च कुठून आला? कंपनीला विचारल्यावर त्यांनी देखभालीचे दरवर्षी पन्नास हजार सांगितले. चार वर्षांचे दोन लाख वजा केले तर लिफ्ट तेरा लाखांची, करासह पंधरा लाख चौतीस हजार. आम्ही देखभालीचा करार वेगळा आणि दरवर्षी पैसे देण्याचा करून घेतला. मी वर म्हटलेल्या एकूण रकमेत ही देखभाल धरलेली नाही.

लिफ्ट बसवणं, चाचणी, पहिला परवाना हे किमतीत धरायचं. कंपनीच्या दरात ते आलेलं होतं, म्हणून वेगळी ओळ लागली नाही. लिफ्टमनला शिकवण्याचा खर्च धरायचा नाही. आणि उद्घाटनाच्या समारंभाचा तर मुळीच नाही. मालमत्तेचा हिशेब कसा ठेवायचा ते सांगणाऱ्या लेखा मानक दहामध्ये हे स्पष्ट आहे: नवी सोय सुरू करण्याच्या निमित्ताने होणारा खर्च हा मालमत्तेची किंमत नव्हे. अध्यक्षांनी नारळ, हार, चहा-वडे आणि पाहुण्यांची शाल ‘लिफ्टच्या खर्चातच टाका’ म्हणून सुचवलं होतं. ते ‘समारंभ’ या जुन्या, महसुली शीर्षाखाली गेलं.

एकूण चित्र असं झालं: भांडवली बावीस लाख छपन्न हजार सहाशे, महसुली एकवीस लाख एकेचाळीस हजार चारशे. अध्यक्षांची भीती खरी ठरली होती.

मात्र इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. खर्च कुठल्या जातीचा, हा एक. त्याचे पैसे कुठून येणार, हा दुसरा. इमारत निधीतून पैसे वापरायचे तर खर्च भांडवलीच असला पाहिजे, असं सगळे गृहीत धरून चालले होते. ऑडिटर बाई म्हणाल्या, “देणग्या कशासाठी मागितल्या होत्या ते आवाहनपत्र काढा.” जुन्या फायलींतून ते निघालं. त्यात शब्द होते, ‘इमारतीची दुरुस्ती, जतन व विस्तार’. म्हणजे दुरुस्तीसाठी निधी वापरायला देणगीदारांची आधीपासून परवानगी होती. त्यासाठी दुरुस्तीला भांडवलाचा वेष चढवायची गरजच नव्हती. खर्च महसुली म्हणूनच दाखवायचा, आणि त्यासमोर इमारत निधीतून वर्ग केलेली रक्कम तितक्याच स्पष्टपणे दाखवायची. तूट दिसली तरी ती कशाने भरली तेही त्याच पानावर दिसतं. काही देणग्यांच्या पत्रांत मात्र ‘लिफ्टसाठी’ असं नाव घालून लिहिलं होतं. त्या रकमा बाजूला काढून फक्त लिफ्टपुढे लावल्या.

तेव्हापासून आमच्या अर्थसंकल्पाच्या तक्त्यात ‘शीर्ष’ आणि ‘निधीचा स्रोत’ असे दोन स्वतंत्र स्तंभ आहेत. मंडळातली अर्धी भांडणं त्या एका उभ्या रेषेने मिटली.

आयकराच्या बाजूने यात आम्हाला कुठला मोह नव्हता, हेही सांगायला हवं. धर्मादाय न्यासाच्या बाबतीत उद्दिष्टांसाठी केलेला भांडवली खर्चही उत्पन्नाचा विनियोग, म्हणजे उत्पन्न उद्दिष्टांवरच खर्च झालं, असा धरला जातो. १९६१च्या आयकर कायद्यात २०१४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर एवढंच, की ज्या मालमत्तेची किंमत असा विनियोग म्हणून दाखवली, तिच्यावरचा घसारा पुन्हा मागता येत नाही. पुस्तकांत घसारा लावायचा तो लावावाच लागतो. त्यामुळे लिफ्टसाठी दोन तक्ते ठेवावे लागतात, आणि ते आमच्या लेखनिकाला अजून आवडलेलं नाही.

बाकीची शीर्षं पटकन उरकली. पुस्तकखरेदी आमच्याकडे भांडवली, नियतकालिकांची वर्गणी आणि बांधणी महसुली. फक्त स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं आम्ही महसुलीत हलवली, कारण दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि जुनी रद्दीत जाते. अभ्यासिकेच्या साठ खुर्च्यांवर मात्र चर्चा झाली. एक खुर्ची नऊशे रुपयांची, आणि पाच हजारांखालची वस्तू महसुली धरायची असा आमचा नियम. पण एकाच वेळी, एकाच कामासाठी घेतलेला संच चोपन्न हजारांचा होतो, आणि अशा किरकोळ वस्तू एकत्र धरून निर्णय घ्यायला लेखा मानकही मुभा देतं. आम्ही संच भांडवली धरला. पुढे दोन-चार खुर्च्या मोडल्या आणि बदलल्या, तर ते महसुली.

प्रत्येक भांडवली ओळीसाठी मी एक साधी तपासणी ठेवलीय. ही रक्कम खर्च झाल्यावर जडसंग्रह नोंदवहीत किंवा स्थावर मालमत्तेच्या नोंदीत नेमकी कुठली नवी ओळ लिहिणार, किंवा कुठली जुनी ओळ वाढवणार? लिफ्टची ओळ लिहिता येते, खुर्च्यांची येते. ‘गच्ची गळत नाही’ अशी ओळ नोंदवहीत लिहिता येत नाही.

कागदावर विभागणी झाली तरी खरी परीक्षा बिलं येऊ लागल्यावर झाली. अंदाजपत्रक आम्ही महसुली आणि भांडवली कामांसाठी अ आणि ब अशा दोन भागांत करून घेतलं होतं. कंत्राटदाराची चालू बिलं मात्र ‘सिव्हिल काम, नऊ लाख चाळीस हजार’ अशी एका ओळीत येऊ लागली. कार्यालयात ज्या शीर्षात शिल्लक दिसेल तिथे ती पडत गेली. डिसेंबरच्या आढाव्यात शाफ्टच्या सहा लाख बहात्तर हजारांपैकी पाच लाख तीस हजार खर्ची पडलेले दिसले, म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के. मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर शाफ्ट पहिल्या मजल्यापर्यंतच आला होता. खर्च आणि काम असं विजोड दिसलं की चूक वर्गवारीत आहे असं समजायचं. मोजमाप वही काढली. त्यात मागच्या भिंतीच्या गिलाव्याचे दोन लाख सहा हजार शाफ्टच्या नावावर गेलेले सापडले. ते नोंद उलटवून दुरुस्तीकडे नेले, आणि तेव्हापासून मोजमाप वहीचा अ-ब गोषवारा जोडल्याशिवाय कोणतंही चालू बिल घेतलं जात नाही.

मार्चअखेर लिफ्ट उभी होती पण विद्युत निरीक्षकांचा परवाना यायचा होता. त्यामुळे ती पूर्ण मालमत्ता म्हणून धरता आली नाही. शाफ्ट, लिफ्ट आणि आराखड्याची फी असं सगळं ताळेबंदात ‘अपूर्ण भांडवली कामे’ या ओळीत राहिलं, आणि त्यावर घसारा नाही. परवाना पुढच्या वर्षात आला, तेव्हा रक्कम तिथून ‘लिफ्ट’ आणि ‘इमारत’ अशा दोन ओळींत गेली, कारण यंत्राचं आयुष्य आणि भिंतींचं आयुष्य सारखं नसतं, आणि घसाऱ्याचे दरही वेगळे.

यंदाच्या अर्थसंकल्पात महसुली बाजूला लिफ्टची देखभाल करासह एकोणसाठ हजार, वाढीव वीज आणि नियतकालिक तपासणीची फी अशा ओळी आल्या आहेत. आता पुढचा प्रश्न दुसऱ्या मजल्याच्या दोन लाकडी तुळयांचा आहे. नव्या पाहणीत मॅडमना त्यांत वाळवी सापडलीय. तशाच लाकडी तुळया बसवल्या तर माझ्या मते ती दुरुस्ती. पण संदर्भ विभागाला तिथे रुळांवर सरकणारी जड कपाटं हवी आहेत, आणि तो भार पेलण्यासाठी पोलादी तुळया टाकल्या तर मजल्याची क्षमता वाढते, म्हणजे खर्चाची जात बदलते. मॅडमना दोन्ही पर्यायांची वेगळी अंदाजपत्रकं द्यायला सांगितलंय. कपाटं घ्यायची की नाही हे मंडळाने आधी ठरवायचं, मग मी शीर्ष लिहीन.